वरचा x² आणि खालचा x² : शून्य भागिले शून्य या रूपात काय काटता येतं आणि काय नाही

आज आपण एकच गणित घेणार आहोत आणि त्यावरच्या एका चुकीच्या उत्तराला पूर्ण वेळ देणार आहोत. गणित अकरावीच्या ‘सीमा’ प्रकरणातलं आहे, अगदी सुरुवातीच्या उदाहरणसंग्रहात शोभेल असं:

lim (x→3) (x² − 9)/(x² − 5x + 6)

उत्तरपत्रिकांमध्ये याची एक ठरावीक सोडवणूक पुन्हा पुन्हा दिसते. विद्यार्थी आधी x च्या जागी 3 ठेवून बघतो. वर 9 − 9, म्हणजे शून्य. खाली 9 − 15 + 6, म्हणजे तेही शून्य. शून्य भागिले शून्य आलं, म्हणजे हे अनिर्धार्य रूप आहे, नुसतं भरून चालणार नाही, हे त्याच्या लक्षात येतं. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. मग तो बघतो की वरही x² आहे आणि खालीही x² आहे. दोन्हींवर काट मारतो. उरतं ते असं:

−9/(−5x + 6)

आता x = 3 ठेवलं की खाली −15 + 6 म्हणजे −9. वर −9, खाली −9, उत्तर एक. शून्य भागिले शून्य गेलं, नीटनेटका आकडा आला, खाली दोन रेघा मारून उत्तर लिहिलं. आणि तपासणाऱ्याने त्यावर फुली मारली.

खरं उत्तर सहा आहे. ते कसं येतं ते आपण पुढे बघूच. पण विद्यार्थ्याची तक्रार उत्तराबद्दल नसते, ती पद्धतीबद्दल असते. तो म्हणतो, “वर खाली सारखं असेल तर काटायचं, हे आम्हाला पाचवीपासून शिकवलंय. मग इथे काटलं तर काय बिघडलं?” हा प्रश्न रास्त आहे. त्याला ‘अवयव पाडल्याशिवाय काटायचं नाही’ असं उत्तर देऊन भागत नाही, कारण तो फक्त आणखी एक नियम झाला. का काटायचं नाही, हे कळलं पाहिजे.

म्हणून आधी काटणं म्हणजे काय तेच बघू. सहा अष्टमांश हा अपूर्णांक घ्या. आपण म्हणतो की त्याचं संक्षिप्त रूप तीन चतुर्थांश. का? कारण सहा म्हणजे 2 × 3 आणि आठ म्हणजे 2 × 4. वरही दोनने गुणलंय, खालीही दोनने गुणलंय. वर आणि खाली दोन्हीकडे दोनने भागलं, तर अपूर्णांकाची किंमत बदलत नाही. काटणं म्हणजे अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने भागणं. बस, एवढंच. आपण कागदावर नुसती तिरकी रेघ मारतो, त्यामुळे ती भागाकाराची क्रिया आहे हे विसरून जातो. रेघ मारताना असं वाटतं, की सारखी दिसणारी चिन्हं एकमेकांना खाऊन टाकताहेत. चिन्हं काही खात नाहीत. आपण भागतो आहोत.

आता तेच सहा अष्टमांश दुसऱ्या तऱ्हेने लिहू: (2 + 4)/(2 + 6). वर दोन आहे, खाली दोन आहे. उडवा बघू. उरले चार षष्ठांश, म्हणजे दोन तृतीयांश. सहा अष्टमांशाचे दोन तृतीयांश झाले! इथे आपण भागलंच नाही. आपण वरून दोन वजा केले आणि खालून दोन वजा केले. अंशातून आणि छेदातून सारखीच संख्या वजा केली, तर अपूर्णांक तोच राहतो असा कुठलाही नियम नाही.

आपल्या विद्यार्थ्याने नेमकं हेच केलं. x² − 9 यातला x² हा गुणक नाही, ते एक पद आहे. गुणक म्हणजे ज्याने अख्ख्या राशीला गुणलेलं असतं, आणि पद म्हणजे बेरीज-वजाबाकीतला एक तुकडा. गुणक काटता येतो, पद काटता येत नाही. विद्यार्थ्याला वाटलं आपण x² ने भागलं. प्रत्यक्षात त्याने दोन्हीकडून x² वजा केला.

बरं, त्याला खरोखरच x² ने भागायचं असतं तर? भागू द्या, काही हरकत नाही. x हा 3 च्या आसपास आहे, म्हणजे x² शून्य नाही. पण मग प्रत्येक पदाला भागावं लागेल:

(1 − 9/x²)/(1 − 5/x + 6/x²)

हे पूर्णपणे वैध आहे, मूळ राशीइतकंच. पण आता x = 3 ठेवून बघा. वर 1 − 1, शून्य. खाली 1 − 5/3 + 2/3, शून्य. अनिर्धार्य रूप जिथल्या तिथे आहे. म्हणजे प्रामाणिकपणे x² ने भागलं तर अडचण सुटत नाही, आणि नुसतं उडवलं तर ‘सुटते’. जी अडचण वैध पायरीने हलली नाही आणि अवैध पायरीने एका क्षणात नाहीशी झाली, तिच्याबद्दल आपल्याला तिथेच शंका यायला हवी.

सीमेचा विचार न करताही ही चूक पकडता येते, आणि हा ताळा प्रत्येकाने करून बघण्यासारखा आहे. x साठी सोयीची कुठलीही किंमत घ्या, समजा 5. मूळ राशी: वर 25 − 9 म्हणजे 16, खाली 25 − 25 + 6 म्हणजे 6. किंमत 16/6, साधारण 2.67. काटल्यानंतरची राशी: वर −9, खाली −25 + 6 म्हणजे −19. किंमत 9/19, साधारण 0.47. दोन राशींच्या किमती निरनिराळ्या आल्या, म्हणजे या दोन राशी एक नाहीत. विद्यार्थ्याने शेवटच्या ओळीत सीमा काढली खरी, पण ती दुसऱ्याच फलाची. त्या फलाची सीमा एक आहे, यात वादच नाही. फक्त ते फल कोणी विचारलं नव्हतं.

आता यातली सर्वांत गमतीची गोष्ट. हे एक उत्तर आलं कुठून? योगायोगाने आलं का?

वर जे पद उडवलं त्याला t म्हणू. अंश म्हणजे t + a आणि छेद म्हणजे t + b. रूप शून्य भागिले शून्य आहे, याचा अर्थ त्या बिंदूपाशी t + a = 0 आणि t + b = 0. म्हणजे a ची किंमत −t, आणि b ची किंमतही −t. t उडवला की उरलं a/b. ते किती? −t भागिले −t. म्हणजे एक!

जरा थांबून याचा अर्थ लक्षात घेऊ. गणित कुठलंही द्या, आकडे कुठलेही बदला. रूप शून्य भागिले शून्य असेल आणि वरखालचं सारखं पद उडवलं, तर उत्तर दर वेळी एकच येणार. अपवाद फक्त एवढाच, की ते पद स्वतःच त्या बिंदूपाशी शून्य होत असेल, तर उडवल्यावरही शून्य भागिले शून्यच राहतं. बाकी सर्वत्र एक. दहा वेगवेगळी गणितं घातली तर दहांची उत्तरं एक. जी पद्धत गणिताकडे न बघता प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देते, तिने प्रश्न सोडवलेलाच नसतो. तपासणारा फुली मारतो ती याला. अंकगणित चुकलं म्हणून ती फुली नसते. उलट विद्यार्थ्याचं अंकगणित बिनचूक होतं. पण त्या उत्तरात मूळ गणिताची काही माहितीच शिल्लक राहिलेली नव्हती.

आता बरोबर रीत बघू. वर शून्य आलं आणि खालीही शून्य आलं, ही नुसती अडचण नाही, ती खूणही आहे. बहुपदीत x = 3 ठेवल्यावर शून्य येत असेल, तर (x − 3) हा तिचा अवयव असतोच. हा अवयव सिद्धांत आपण नववी-दहावीत शिकलेलो असतो. म्हणजे अंशात (x − 3) आहे आणि छेदातही (x − 3) आहे, हे अवयव पाडण्याच्या आधीच आपल्याला कळलेलं आहे. फक्त तो बाहेर काढायचा:

x² − 9 = (x − 3)(x + 3)

x² − 5x + 6 = (x − 3)(x − 2)

आता वर आणि खाली (x − 3) हा खराखुरा गुणक आहे, अख्ख्या राशीला गुणणारा. त्याने दोन्हीकडे भागायचं. पण इथे एक विद्यार्थी हात वर करतो, आणि तो हात वर करणं अगदी योग्य आहे: “सर, x तर 3 कडे चाललाय. मग x − 3 शून्य होणार. शून्याने भागता येत नाही ना?”

उत्तर सीमेच्या व्याख्येत आहे. x→3 म्हणजे x हा 3 च्या हवा तेवढा जवळ जातो, पण 3 होत नाही. 3 या बिंदूवर काय होतं याच्याशी सीमेला देणंघेणं नाही, तिला फक्त आसपास काय चाललंय ते बघायचं असतं. म्हणून सबंध सोडवणुकीत x − 3 हा लहान असतो, फार लहान असतो, पण शून्य नसतो. शून्य नसलेल्या राशीने भागायला परवानगी आहे. म्हणूनच चांगले शिक्षक या पायरीशेजारी कंसात एक छोटी ओळ लिहायला लावतात: ‘x→3, म्हणून x ≠ 3, म्हणून x − 3 ≠ 0’. ती ओळ उपचारापुरती नाही. काटण्याचा परवाना तीच आहे. ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण भागाकार करतो आहोत हे ठाऊक असतं, आणि तो सहसा पदं उडवत नाही.

(x − 3) गेल्यावर उरलं (x + 3)/(x − 2). आता 3 ठेवता येतं: 6/1, म्हणजे सहा.

हे खरंच सहा आहे का, याचा ताळा घेऊ. मूळ राशीत, काही न काटता, x = 3.1 ठेवा. वर 0.61, खाली 0.11, भागाकार सुमारे 5.55. x = 3.01 ठेवा. वर 0.0601, खाली 0.0101, भागाकार सुमारे 5.95. दुसऱ्या बाजूने या, x = 2.99. वर −0.0599, खाली −0.0099, भागाकार सुमारे 6.05. दोन्ही बाजूंनी राशी सहाकडे सरकते आहे. एकच्या जवळपासही ती फिरकत नाही. हा ताळा म्हणजे सिद्धता नव्हे. पण कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतो, आणि एक व सहा यांतलं कुठलं उत्तर खोटं हे सांगून जातो.

इथे श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे, तो घेऊ. प्रश्न असा, की चुकीच्या रीतीने उत्तर बरोबर आलं तर गुण द्यायचे का?

असं होऊ शकतं. हे गणित बघा:

lim (x→1) (x² + x − 2)/(x³ + x² − 2x)

x = 1 ठेवलं की वर 1 + 1 − 2, शून्य, आणि खाली 1 + 1 − 2, शून्य. एका विद्यार्थ्याने दोन्हीकडचा x² उडवला. उरलं (x − 2)/(x³ − 2x). 1 ठेवलं: −1 भागिले −1, उत्तर एक. दुसऱ्याने छेदातून x सामाईक काढला. मग छेद झाला x(x² + x − 2), वर खाली x² + x − 2 हा अख्खा गुणक सारखा आला, तो काटला, उरलं 1/x, आणि उत्तर एक. दोघांचंही उत्तर एक, आणि खरं उत्तरही एकच आहे.

पहिल्याला गुण मिळत नाहीत, आणि मग घरी मोठा वाद होतो. “पुस्तकात मागे उत्तर एक दिलंय, माझंही एक आलंय, तरी चूक का?” आत्ता आपण बघितलं त्यावरून याचं उत्तर देता येतं. पहिल्याचं उत्तर एक आलं कारण त्याच्या रीतीने कुठल्याही गणिताचं उत्तर एकच येतं. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, तसं हे आहे. त्याच्या दोन राशी एक नाहीत, हेही लगेच दिसतं. x = 2 ठेवा: मूळ राशी 4/8, म्हणजे अर्धा, आणि काटलेली राशी 0/4, म्हणजे शून्य. सीमेच्या गणितात गुण मधल्या बरोबरीच्या चिन्हांना असतात. ‘ही राशी त्या राशीबरोबर’ असं विधान विद्यार्थी प्रत्येक ओळीत करत असतो. एका ओळीतलं विधान खोटं असेल, तर त्याखालच्या ओळींना आधार राहत नाही. मग शेवटचा आकडा कितीही बरोबर असो.

आता हीच चूक जरा वेगळ्या पोशाखात बघू, कारण बहुपदींमध्ये ती सावध विद्यार्थी करत नाहीत, पण इथे तेही फसतात.

lim (x→0) (x − sin x)/x³

आपल्याला माहीत आहे, की x शून्याकडे जाताना (sin x)/x ची सीमा एक असते. त्यावरून विद्यार्थी म्हणतो, sin x म्हणजे x च झाला. मग वर x − x, शून्य. शून्य भागिले x³, उत्तर शून्य. इथे काट मारलेली दिसत नाही, पण केलंय तेच: एका पदाच्या जागी दुसरं घालून पदं उडवली.

खरं उत्तर एक षष्ठांश आहे. x = 0.1 घ्या, अर्थात रेडियनमध्ये. sin 0.1 ची किंमत 0.0998334. फरक 0.0001666. त्याला 0.001 ने भागा: 0.1666. शून्य कुठेच नाही.

घोळ कुठे झाला? (sin x)/x ची सीमा एक आहे, हे विधान भागाकाराबद्दल आहे. sin x आणि x यांचं गुणोत्तर एककडे जातं, एवढंच ते सांगतं. त्यांच्यातली वजाबाकी किती उरते, याबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि या गणितात सगळा खेळ त्या उरलेल्या वजाबाकीचाच आहे. ती साधारण x³/6 एवढी असते, आणि खाली x³ च आहे. जो तुकडा क्षुल्लक म्हणून टाकून दिला, उत्तर नेमकं त्याच तुकड्यात होतं.

याउलट हे बघा: sin x · (1 − cos x)/x³. इथे sin x हा गुणक आहे. म्हणून x³ चे x आणि x² असे भाग करून (sin x)/x आणि (1 − cos x)/x² असे दोन गुणाकार लिहिता येतात. पहिल्याची सीमा एक, दुसऱ्याची अर्धा, उत्तर अर्धा. दोन्ही सीमा अस्तित्वात आहेत, म्हणून गुणाकाराची सीमा म्हणजे सीमांचा गुणाकार. म्हणजे गोष्ट पुन्हा तिथेच आली. गुणकाशी जे करता येतं ते पदाशी करता येत नाही.

मग (x − sin x)/x³ सारख्या गणितात करायचं काय? त्याचे अवयव तर पडत नाहीत. तिथे दुसरा वैध नियम लागतो, लॉपितालचा नियम. बारावीनंतर तो सगळ्यांच्या हाती येतो. काही जण प्रवेशपरीक्षांच्या तयारीत अकरावीतच तो उचलतात.

या नियमाचा इतिहास दोन वाक्यांत सांगतो. गीयोम द लॉपिताल या फ्रेंच सरदाराने १६९६ साली पॅरिसमध्ये कलनशास्त्राचं जे पुस्तक छापलं, त्यात हा नियम पहिल्यांदा लोकांसमोर आला. पण नियम मुळात योहान बर्नुलीचा. १६९४ मध्ये लॉपितालने त्याला वर्षाला ३०० लिव्र देऊन त्याचे शोध आपल्याला कळवण्याचा करार केला होता, आणि या नियमावर नाव मात्र पैसे देणाऱ्याचं राहिलं.

नियम असा. अंश आणि छेद दोन्ही शून्याकडे जात असतील, तर दोघांचं वेगवेगळं विकलन करायचं आणि त्या विकलजांच्या गुणोत्तराची सीमा बघायची. ती अस्तित्वात असेल, तर तीच मूळ सीमा. बिंदूच्या आसपास दोघांचं विकलन होत असलं पाहिजे आणि तिथे छेदाचं विकलज शून्य नसलं पाहिजे, या अटी आहेतच. आपल्या पहिल्या गणितात वरचं विकलज 2x, खालचं 2x − 5. x = 3 ठेवलं: 6/1, सहा. अवयव पाडून आलं तेच.

आणि यात आश्चर्य काही नाही. 3 च्या अगदी जवळ x² − 9 हे 6(x − 3) सारखं वागतं, कारण तिथे त्याचं विकलज 6 आहे. खालची राशी 1(x − 3) सारखी वागते, कारण तिचं विकलज 1 आहे. वरखाली (x − 3) हा गुणक लपलेला आहे, तो जातो, आणि उरतं 6/1. म्हणजे लॉपितालचा नियमही आतून गुणकच काटतो. जिथे अवयव कागदावर पाडता येत नाहीत, तिथे तो विकलजाच्या मदतीने काटतो.

पण हा नियमही डोळे झाकून वापरला तर तीच फुली पडते. एका प्रकारात विद्यार्थी अख्ख्या अपूर्णांकाचं भागाकाराच्या सूत्राने विकलन करतो. ते या नियमात नाही, वरचं वेगळं आणि खालचं वेगळं करायचं असतं. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. 2x/(2x − 5) इथपर्यंत आल्यावर हात थांबत नाही, पुन्हा एकदा विकलन होतं: 2/2, उत्तर एक! आपलं जुनं चुकीचं उत्तर पुन्हा हजर. का चुकलं? कारण 2x/(2x − 5) मध्ये 3 ठेवलं तर वर 6 आणि खाली 1 येतं. तिथे शून्य भागिले शून्य उरलेलंच नाही, तेव्हा नियम लावायची अटच मोडलेली आहे. प्रत्येक वेळी विकलन करण्याआधी किंमत भरून रूप बघायचं, ही सवय इथे वाचवते.

(x − sin x)/x³ ला हा नियम तीनदा लागतो, पण दर वेळी तपासून. पहिल्यांदा (1 − cos x)/(3x²), रूप अजून शून्य भागिले शून्य. दुसऱ्यांदा (sin x)/(6x), अजूनही तेच. तिसऱ्यांदा (cos x)/6, आता वर 1 आणि खाली 6. इथे थांबायचं. उत्तर एक षष्ठांश, आणि आपल्या 0.1666 शी ते जुळतं.

तेव्हा तुमच्या किंवा तुमच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत अशी फुली दिसली, तर काट मारलेल्या ओळीवर बोट ठेवून तीन गोष्टी विचारा. जे काटलं ते अख्ख्या अंशाला आणि अख्ख्या छेदाला गुणणारं होतं का? असेल, तर ते त्या बिंदूच्या आसपास शून्य नाही हे माहीत होतं का? आणि काटण्याआधीच्या व नंतरच्या राशीत x ची एक साधी किंमत भरली, तर दोन्हीकडे तोच आकडा येतो का? तिसरा प्रश्न पहिल्या दोघांची परीक्षा घेतो, आणि तो परीक्षेच्या हॉलमध्येही विचारता येतो.

पुढच्या व्याख्यानापर्यंत एक गणित देऊन ठेवतो:

lim (x→2) (x² + x − 6)/(x² − 3x + 2)

वरखालचा x² उडवला तर उत्तर काय येईल, हे आता तुम्हाला न सोडवताच सांगता येईल. खरं उत्तर अवयव पाडून काढा, मग लॉपितालने काढा, आणि शेवटी x = 2.01 भरून दोघांचा ताळा घ्या. तिन्ही वाटा पाचच्या आसपास भेटल्या पाहिजेत. भेटल्या नाहीत, तर जी ओळ लिहिताना हात सर्वांत वेगाने चालला होता, ती आधी तपासा.